बरिस्ता प्रशिक्षण दिवसाचे स्वागतपर भाषण

व्यासपीठावरील प्रशिक्षक ताई, राजारामपुरी, ताराबाई पार्क आणि रंकाळा या तिन्ही शाखांचे व्यवस्थापक, अनेक वर्षे काउंटर सांभाळणारे आमचे जुने सहकारी आणि आज पहिल्यांदाच या कामाला हात घालणारे नवे मित्र, आपणा सर्वांचे मी मनापासून स्वागत करतो. ऐन पावसाळ्याच्या तोंडावर तिन्ही शाखा अर्धा दिवस बंद ठेवून हा प्रशिक्षण दिवस घेण्याचा निर्णय काहींना महागडा वाटला असेल. परंतु पावसाळा हाच आपल्या ग्राइंडरचा सर्वांत मोठा परीक्षक असल्याने त्याच्या आधी एकत्र बसणे मला आवश्यक वाटले.

आज आपण अनेक गोष्टी शिकणार आहोत, तरी माझी अपेक्षा मी सुरुवातीलाच एका वाक्यात सांगून ठेवतो : आपल्या कोणत्याही शाखेत, कोणत्याही वेळी, कोणाच्याही हातून, कोणत्याही ग्राहकाला मिळणारा कप सारखाच असला पाहिजे. कोल्हापूरकराला हे समजावून सांगण्याची खरे तर गरज नाही. पांढरा रस्सा परवा जसा होता तसा आज लागला नाही, तर आपण त्या खानावळीच्या मालकाला काही बोलत नाही, पण पुढच्या वेळी पाय दुसरीकडे वळतात. कॉफीचा ग्राहकही तक्रार न करता निघून जातो, आणि तो का आला नाही हे आपल्याला कधीच कळत नाही.

सातत्य हे हाताच्या सवयीने येते, असे आमच्या जुन्या मंडळींना वाटते, आणि त्यात तथ्य आहे. तथापि सवयीआधी वजनकाटा येतो. आपल्या पाककृतीप्रमाणे दुहेरी एस्प्रेसोसाठी 18 ग्रॅम पूड घ्यायची, 36 ग्रॅम कॉफी कपात उतरवायची आणि त्यासाठी 25 ते 30 सेकंद लागले पाहिजेत. हे आकडे जगभर याच आसपास वापरले जातात, पण ते शिलालेखावर कोरलेले नाहीत. बियांची नवी खेप आल्यावर आपले प्रशिक्षक चव घेऊन ते बदलू शकतील. मात्र एकदा ठरवलेले आकडे काउंटरवर कोणी आपल्या मनाने बदलायचे नाहीत. शॉट 15 सेकंदांत धो धो उतरला, तर तो आंबट आणि पाणचट लागणार. 40 सेकंद रेंगाळला, तर कडू आणि कोरडा लागणार. अशा वेळी पुडीचा डोस, दळण आणि टॅम्पिंग, म्हणजे पूड दाबणे, या तिन्ही गोष्टी एकदम बदलण्याचा मोह होतो. तसे केल्यास नेमके काय चुकले होते ते समजत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बहुतेक वेळा ती गोष्ट दळणाचा बारीकपणा हीच असते. ग्राइंडरचे दळण बदलल्यानंतर त्यात अडकलेली जुनी पूड आधी बाहेर पडते, म्हणून पहिला शॉट टाकून द्यावा लागतो. तो टाकून देताना जीव हळहळतो, हे मी समजू शकतो. पण तो कप ग्राहकाच्या हाती जाण्यापेक्षा वापरलेली पूड झटकण्याच्या नॉक बॉक्समध्ये गेलेला पूड-खर्च मला मान्य आहे, आणि त्याबद्दल कोणालाही जाब विचारला जाणार नाही.

आता पावसाळ्याविषयी. आपल्याकडे जुलैत जी झड लागते, त्या दिवसांत हवेतील ओलावा बिया आणि पूड दोन्ही शोषून घेतात, आणि सकाळी नीट लावलेला ग्राइंडर दुपारपर्यंत वेगळे वागू लागतो. म्हणून उघडताना एकदा, दुपारी पाळी बदलताना एकदा आणि संध्याकाळच्या गर्दीपूर्वी एकदा, असे तीन वेळा शॉट तोलून आणि चाखून नोंदवहीत लिहायचे आहे. ग्राइंडरवरच्या हॉपरमध्ये दिवसभराच्या बिया ओतून ठेवू नयेत. दोन-तीन तास पुरतील एवढ्याच घालाव्यात आणि बाकीची पिशवी घट्ट बंद करून उन्हापासून दूर ठेवावी. आपल्या बिया चिकमगळूरच्या मळ्यांतून येतात. घाटापलीकडच्या कोणा शेतकऱ्याने, तोडणाऱ्या हातांनी आणि भाजणाऱ्या माणसाने जी चव जपली, ती शेवटच्या अर्ध्या मिनिटात आपण घालवू शकतो किंवा राखू शकतो.

दुधाबाबत मी थोडे अधिक बोलणार आहे, कारण आपण दुधाच्या गावात कॉफी विकतो. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर धार काढलेले म्हशीचे दूध उभ्याने पिणारा माणूस आपल्याकडे कॅपुचिनो मागवतो, तेव्हा पाणचट दूध त्याला पहिल्या घोटात कळते. तरीही कट्ट्यावरचे दूध आपण वापरत नाही, आणि त्यामागे दोन कारणे आहेत. एक म्हणजे ते पाश्चराइज केलेले नसते. दुसरे म्हणजे त्यातील स्निग्धांश दररोज बदलतो, आणि फेस कसा बसेल हे मुख्यतः दुधातील प्रथिनांवर तर तोंडातील दाटपणा स्निग्धांशावर अवलंबून असल्याने रोज वेगळे दूध म्हणजे रोज वेगळा कप. आपण एकाच प्रकारचे पाश्चराइज केलेले पाकीटबंद दूध तिन्ही शाखांत वापरतो, ते त्यासाठीच. पिचरमध्ये दूध घेताना ते फ्रिजमधले थंडगारच असावे. हवा फक्त सुरुवातीला, पिचर हाताला कोमट लागेपर्यंत घ्यावी, त्यानंतर वाफ सोडणाऱ्या स्टीम वँडचे टोक किंचित खाली नेऊन दूध गोल फिरवावे आणि 60 ते 65 अंशांवर थांबावे. त्यापुढे गेल्यास दुधाचा नैसर्गिक गोडवा दबतो आणि उकळल्याचा वास येऊ लागतो. एखादे काका म्हणतील, 'जरा कडक गरम दे की,' तर त्यांना आनंदाने 70 पर्यंत नेऊन द्या. कप आपण त्यांच्यासाठी करतो, थर्मामीटरसाठी नाही. मात्र उरलेले गरम दूध पुन्हा वाफवणे कोणत्याही कारणाने चालणार नाही.

इथून मी स्वच्छतेकडे येतो, आणि या विषयावर माझा सूर थोडा कडक लागेल, त्याबद्दल क्षमा मागत नाही. साधारण 5 ते 60 अंश या तापमानाच्या पट्ट्यात दुधातील जंतू झपाट्याने वाढतात. काउंटरवर विसरलेले पाकीट वासावरून ठीक वाटले तरी ते टाकूनच द्यायचे आहे. उघडलेल्या प्रत्येक पाकिटावर तारीख आणि वेळ लिहायची, आणि फ्रिजचे तापमान 5 अंशांच्या खाली आहे का ते प्रत्येक पाळीत पाहायचे. स्टीम वँड वापरण्यापूर्वी आणि वापरल्यावर वाफ सोडून मोकळा करायचा, आणि लगेच त्याच्यासाठी राखून ठेवलेल्या ओल्या फडक्यानेच पुसायचा. त्या फडक्याने टेबल, ट्रे किंवा हात पुसलेले मला दिसले, तर ते फडके मी तिथल्या तिथे काढून घेईन. वँडवर वाळलेले दूध हे नुसते दिसायला वाईट नसते; वँड थंड होताना दुधाचा अंश आत ओढला जातो आणि पुढच्या ग्राहकाच्या कपात उतरतो. रात्री बंद करताना ग्रुप हेडचे डिटर्जंटने बॅकफ्लशिंग, म्हणजे आतून उलट्या प्रवाहाने धुणे, बास्केट आणि शॉवर स्क्रीनची सफाई, ड्रिप ट्रे धुणे ही कामे कितीही उशीर झाला तरी दुसऱ्या दिवसावर ढकलायची नाहीत. बियांचे तेल साचून खवट होते, आणि मग उत्तम बियांतूनही तोच खवट वास येतो.

हात साबणाने किमान 20 सेकंद धुवायचे, हे सर्वांना माहीत आहे. विसर पडतो तो मोबाइलमुळे. पैसे हातात घेतल्यावर आपण हात धुतो, पण ऑनलाइन पैसे आले का हे पाहायला फोन हाताळल्यावर तसेच पिचर उचलतो. त्यासाठी यापुढे गर्दीच्या वेळी पैसे घेणारी आणि कॉफी करणारी व्यक्ती वेगळी असेल. नखे, अंगठ्या, केस यांचे नियम भिंतीवर लावले आहेत, ते वाचून घ्यावेत. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 सालचा असून आपला 14 अंकी परवाना क्रमांक प्रत्येक शाखेत दर्शनी भागात लावलेला आहे. तो क्रमांक म्हणजे आपण ग्राहकाला लेखी दिलेला शब्द आहे. आणखी एक गोष्ट मी व्यवस्थापकांसमोर जाहीरपणे सांगतो. ज्याला ताप, उलट्या किंवा जुलाब होत असतील त्याने कामावर येऊ नये, आणि अशा दिवसाचा पगार कापला जाणार नाही. आजार लपवून काउंटरवर उभे राहण्याची वेळ कोणावरही पगारापोटी येता कामा नये.

आता पाहुणचार. कोल्हापुरात चहाच्या कपाला एक इतिहास आहे. गंगाराम कांबळे यांनी राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळावर भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढले, तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाच्या हातचा चहा घ्यायला लोक कचरत होते. महाराज स्वतः तिथे थांबून चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावत. त्याच शहरात आपण काउंटर मांडला आहे. त्यामुळे कचेरीच्या कामासाठी गावाकडून आलेले फेटेवाले आजोबा, विद्यापीठातून आलेला विद्यार्थी आणि मोटारीतून उतरलेला उद्योजक, या तिघांना 'या, बसा' म्हणतानाचा आपला आवाज सारखाच असला पाहिजे. फलकावरचे 'कॉर्टाडो' वाचून कोणी अडखळले, तर उच्चार सुधारू नका. 'दूध कमी आणि कॉफी जरा कडक, असा छोटा कप असतो' एवढे सांगा. कोणी चार चमचे साखर मागितली, तर भुवई उंचावू नका. एकट्याने बसून तासभर वाचणाऱ्या ताईंना बिलाची घाई करू नका. नवरात्रात अनवाणी भाविक आपल्याकडे येतात, त्या दिवसांत जमिनीवर सांडलेले गरम दूध किंवा फुटलेल्या कपाचा तुकडा क्षणभरही राहता कामा नये. आणि उपवासाला काय चालते असे कोणी विचारले, तर सिरपमध्ये काय आहे ते बाटलीवर वाचून खरे सांगा, अंदाजाने 'चालतंय' म्हणू नका. बदाम दुधाचे पिचरही वेगळेच ठेवायचे, कारण सुक्यामेव्याची ॲलर्जी असलेल्या ग्राहकाला आपल्या विसराळूपणाची किंमत मोजावी लागू शकते.

ऑर्डर चुकली, तर कारणे सांगत बसू नका. 'माफ करा, दुसरा करून देतो' म्हणा आणि करून द्या. त्यासाठी व्यवस्थापकाची परवानगी लागणार नाही.

सकाळचे सत्र दळण आणि एस्प्रेसोचे आहे, जेवणानंतर दूध, आणि शेवटी यंत्राची संपूर्ण सफाई प्रत्येकाने स्वतःच्या हाताने करायची आहे. जुन्या सहकाऱ्यांना विनंती, की प्रत्येकाने एका नव्या मित्राला आपल्या शेजारी उभे करून घ्यावे आणि त्याच्या हातात वजनकाटा द्यावा. स्वतः करून दाखवण्याचा मोह आवरावा. दुपारच्या जेवणाची सोय मागच्या खोलीत केली आहे. आता सर्वांनी एप्रन घालावेत, हात धुवावेत आणि आपापल्या यंत्राजवळ जावे. पहिला शॉट तोलण्यासाठी प्रशिक्षक ताई तिकडे थांबल्या आहेत.