तुपाचा डबा

ढमढेऱ्यांनी बिल टेबलावर सरळ केलं, वरच्या टोकावर चष्म्याचं घर ठेवलं आणि पेन्सिलीने पहिली खूण केली. रवा, एक किलो. बेसन, एक किलो. समोर मांडलेल्या पिशव्यांतून सुमनताई एकेक वस्तू उचलून दाखवत होत्या. दर महिन्याचं हे काम, पण दिवाळीच्या सामानामुळे आज यादी लांबली होती.

"तूप, अर्धा लिटर. ३१०."

"हा डबा."

खूण. मग मैदा, पिठीसाखर, पातळ पोहे, डाळं, उटणं. सतराव्या ओळीवर पेन्सिल थांबली.

"तूप, अर्धा लिटर. ३१०."

"झालं की ते मघाशी."

"पुन्हा आहे."

सुमनताईंनी पिशव्या उलट्या केल्या, स्वयंपाकघरात जाऊन फडताळ बघून आल्या. "दोन घेतले असतील का हो आपण? करंज्यांना लागतं म्हणून?"

"तू एकच काढलास. दुसऱ्याला हात घातलास आणि म्हणालीस, संपला की आणू."

तरी त्यांनी आठवणीवर भागवलं नाही. बिलाच्या तळाशी छापलं होतं, एकूण नग २२. टेबलावरच्या वस्तू त्यांनी डावीकडून मोजल्या, मग उजवीकडून. २१. बेरीजही कागदावर पुन्हा मांडली. ३,४८६ बरोबर होती. यंत्राने बेरीज चुकवली नव्हती. त्याला जे दोनदा दाखवलं, ते त्याने दोनदा धरलं.

पण दोन नोंदींमध्ये बारा ओळी कशा? हात अडखळून एकच डबा लागोपाठ दोनदा वाजला असता तर नोंदी एकाखाली एक पडल्या असत्या. त्यांनी काउंटर डोळ्यांपुढे आणला. मागे रांग दारापर्यंत गेलेली. मुलीने तूप बाजूला ठेवलं होतं, पिशवीत तळाला जड सामान जावं म्हणून. मध्येच पोह्यांच्या पुड्याचा धक्का लागून डबा आडवा झाला. तिने तो उचलला आणि लाल उजेडाच्या समोरून नेऊन पलीकडे उभा केला. तिथेच. त्या गोंगाटात एक जास्तीची बीप कुणाला ऐकू येणार?

"आत्ताच जाऊन या," सुमनताई म्हणाल्या. "उद्या म्हणतील, काल का नाही आलात."

"आत्ता गर्दी आहे. मला त्यांची शिल्लक मोजायला लावायचीय. ती सकाळी, विक्री सुरू होण्याआधी."

त्यांनी बिलाची झेरॉक्स मात्र लगेच काढून आणली. असल्या कागदावरची अक्षरं उन्हाने, उष्णतेने उडून जातात, आणि पुरावाच कोरा झाला तर बोलायचं कशाच्या जोरावर? चौतीस वर्षं हिशेब शाखेत काढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

सकाळी ते डहाणूकर कॉलनीतून चालत निघाले आणि कर्वे पुतळ्याजवळच्या त्या दुकानात शटर वर जाताजाताच पोचले. कालचीच मुलगी गल्ल्यावर सुट्टे पैसे लावत होती. छातीवरच्या पट्टीवर कोमल लिहिलेलं. बिलावर केलेल्या दोन खुणा पाहिल्या आणि तिचा चेहरा उतरला.

"काका, मी मुद्दाम नाही केलं हो."

"ते मला माहीत आहे. डबा आडवा झाला होता, तू उचलून ठेवलास. तुझ्या साहेबांना बोलाव."

मॅनेजर तिशीचा, नीटनेटका, घाईतला. त्याने बिल पाहिलं, वाद घातला नाही. गल्ल्यातून तीनशेदहा रुपये काढून पुढे केले. "सॉरी काका. हे घ्या. दिवाळीत होतं असं."

ढमढेऱ्यांनी हात पुढे केला नाही. "कशावर देताय?"

"म्हणजे?"

"कुठल्या कागदावर? आज संध्याकाळी हा गल्ला मोजाल तेव्हा तीनशेदहा कमी भरतील. ते कुणाकडून घेणार?"

मॅनेजर काही बोलला नाही. कोमल सुट्ट्या नाण्यांकडे बघत राहिली. तिच्या तशा बघण्यावरून ढमढेऱ्यांना उत्तर कळलं.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी तालुक्याच्या कचेरीत त्यांच्या शेजारच्या टेबलावर एक वयस्कर रोखपाल होता. एका संध्याकाळी रोख पन्नास रुपयांनी कमी भरली. त्याने मुकाट्याने खिशातून भरले. घरी शाळेत जाणारी तीन मुलं, आणि पन्नास तेव्हा पन्नास होते. पुढे आठवड्याभराने ढमढेऱ्यांनाच एक पावती किर्दीत दोनदा जमा धरलेली सापडली. ते धावत साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, रोख कमी आल्याची नोंद कुठे आहे? नोंद नव्हती, त्यामुळे परत देता येईना. तो माणूस रिटायर होईपर्यंत रोज दोनदा रोख मोजायचा, आणि मोजताना त्याचे ओठ हलायचे. ढमढेऱ्यांनी हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. इथेही सांगितलं नाही.

"रिटर्नची एंट्री करा," ते म्हणाले. "रीतसर."

"काका, वस्तू परत आल्याशिवाय रिटर्न घालता येत नाही. हेड ऑफिसला दिसतं ते. डबा तर तुमच्या घरी आहे."

"एक माझ्या घरी. दुसरा तुमच्याच रॅकवर आहे, तो दुकानाबाहेर गेलेलाच नाही. आज अजून तूप विकलं गेलेलं नाही. संगणकात शिल्लक किती दिसते ते बघा, आणि रॅकवर मोजा. एक जास्त निघेल."

"आणि नाही निघाला तर?"

"तर मी बिल घेऊन घरी जातो."

मॅनेजरने घड्याळाकडे पाहिलं. दारातून दोन बायका ट्रॉली ओढत आत येत होत्या. एवढ्यात कोमल म्हणाली, "सर, मी मोजू? गोडाऊनमध्ये या साईजचं काही नाहीये, सगळं कालच वर लावलंय."

"तू नको. मी मोजतो."

त्याने संगणकावर पाहिलं. ३३. मग तो रॅककडे गेला. ढमढेरे जागचे हलले नाहीत; मोजणाऱ्याच्या मागे उभं राहू नये, आकडा चुकतो, हा त्यांचा जुना नेम. त्याने पुढची ओळ मोजली, मागचे डबे पुढे ओढले, पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"चौतीस," तो परत येऊन म्हणाला. आता त्याच्या आवाजातली घाई गेली होती. "काका, हे नसतं कळलं तर महिनाअखेरच्या मोजणीत एक डबा जास्त आला असता आणि मी कारण शोधत बसलो असतो."

"म्हणूनच."

त्याने स्वतःचा पासवर्ड टाकून कालच्या बिलातली सतरावी ओळ निवडली, कारणात लिहिलं, वस्तू दोनदा स्कॅन. यंत्रातून चिठ्ठी आली. ढमढेऱ्यांनी ती उभ्यानेच वाचली: बिल क्रमांक, तारीख, वजा ३१०, शुद्ध रक्कम ३,१७६. मग पैसे घेतले, मोजले आणि चिठ्ठीवर सही केली.

"अजून एक प्रत काढा."

"तुमची आहे ना तुमच्याकडे?"

"ही माझी. दुसरी या मुलीला द्या. संध्याकाळी रोख जुळवताना तिला लागेल."