ठमी रिक्षा आणि धो धो पाऊस

ठाण्यात एक छोटीशी रिक्षा होती. खाली काळी, वर पिवळी. चाकं किती? तीन! पुढे एक, मागे दोन. दिवा किती? एकच, पण कसा लख्ख! तिचं नाव होतं ठमी.

ठमीला चालवायचे महादूकाका. दिवसभर दोघं फिरायची. आजीला बाजारात सोड, ताईला कॉलेजात सोड, बाळाला डॉक्टरकडे ने. रात्र झाली की दोघं घरी जायची. घर होतं उपवन तलावाजवळ, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी.

एका रात्री ठमी ठाणे स्टेशनजवळ उभी होती आणि पाऊस आला. धो धो धो! काकांनी पटापट प्लास्टिकचे पडदे सोडले. तेवढ्यात मागच्या सीटखालून आवाज आला, "म्याव!"

"अरेच्चा! तू कधी येऊन बसलीस?" काकांनी वाकून पाहिलं. भिजलेलं, एवढुस्सं मांजरीचं पिल्लू!

"आम्ही उपवनला चाललोय. येतेस?"

"म्याव."

"बस मग. घट्ट धर हं!"

टर्र टर्र टर्र! ठमी निघाली. वायपर हलू लागला, खर्र-खट, खर्र-खट.

आणि गेले ना दिवे! रस्त्यावर अंधार, दुकानांत अंधार. समोरची काच धुरकट झाली. काकांनी फडक्याने पुसली, ती पुन्हा धुरकट.

"ठमे, मला काहीच दिसत नाही गं," काका म्हणाले.

"मला ऐकू येतंय, काका!" ठमी म्हणाली.

टण्! टण्! टण्! देवळाची घंटा. कोणतं देऊळ? कोपिनेश्वराचं! म्हणजे आली तलावपाळी. पाठोपाठ खमंग वास आला. छत्रीखाली कुणीतरी कणीस भाजत होतं.

"बरोबर चाललोय आपण," काका म्हणाले. "पुढे, पुढे, ठमी पुढे!"

थोडं पुढे गेल्यावर रस्ताच दिसेना. नुसतं पाणी! एक मोठ्ठी बस गेली आणि पाण्याची लाट आली. फस्सऽऽ! ठमीच्या पोटात गोळा आला. तिचं इंजिन खाली, मागच्या बाजूला. तिथे पाणी शिरलं तर ती बंदच पडली असती. एवढं पाणी बघून कोण घाबरणार नाही?

"थांबूया जरा," काका म्हणाले.

दोघं थांबली. नीट बघितलं. कडेला पाणी खोल होतं. कडेने उभ्या स्कूटरची अर्धी चाकं बुडाली होती. पण मधोमध रस्ता उंच असतो ना, तिथे पाणी थोडंसंच होतं.

"मधून जाऊ, काका. हळूहळू."

टर्र... टर्र... टर्र... पुढचं चाक पाण्यात गेलं. मागची दोन गेली. गार गार पाणी! पिल्लाने डोळे मिटले. काकांनी हँडल घट्ट धरलं. ठमी थांबली नाही. टर्र... टर्र... टर्र... आणि आली की पलीकडे!

"शाब्बास, ठमे! पुढे, पुढे, ठमी पुढे!"

मग आला कॅडबरी नाका. इथे हायवे. बापरे, केवढे ट्रक! भोंऽऽ! भोंऽऽ!

ठमीने आपला हॉर्न वाजवला. पीं! तो कुणाला ऐकूच गेला नाही. तिने पुन्हा वाजवला. पीं! पीं! पीं!

फुर्रर्र! शिट्टी वाजली. रेनकोटातल्या पोलीसकाकांनी हात वर केला. सगळे ट्रक थांबले. दहा चाकांचेसुद्धा! त्यांच्यासमोरून तीन चाकांची ठमी ऐटीत गेली.

वर्तकनगर आलं. धडक-धुडुक! हा पहिला गतिरोधक. धडक-धुडुक! हा दुसरा. ठमीची चाकं तर ते रोज मोजायची. तिला माहीत होतं, आता घर जवळ आलं.

गार वारा सुटला. ओल्या झाडांचा वास आला. आणि हे कोण ओरडतंय? डरांव डरांव! डरांव डरांव! ओळखलंस का?

"उपवनचे बेडूक!" काका हसले. "पोचलो गं, पोचलो!"

दारात काकू कंदील घेऊन उभ्या होत्या. "किती उशीर! भिजलात ना?" म्हणत त्यांनी आधी काकांना टॉवेल दिला. मग कोरडं फडकं घेऊन ठमीची काच पुसली, दिवा पुसला, पिवळं छत पुसलं. ठमीला गुदगुल्या झाल्या.

"म्याव!" मागच्या सीटवरून आवाज आला.

"ही कोण?" काकूंनी विचारलं.

"पॅसेंजर," काका म्हणाले.

"हो का? भाडं दिलं का तिने?"

पिल्लू टुणकन उडी मारून आलं आणि त्याने काकांचा अंगठा चाटला.

"दिलं की!" काका म्हणाले. "आता हिला दूध द्या. आणि आम्हाला चहा!"

"पीं पीं!" ठमी म्हणाली.