पाठ टाचण : जलचक्र
इयत्ता दुसरी, ३५ मिनिटे

साहित्य: काचेची बरणी, गरम पाणी, स्टीलची ताटली, बर्फ.

सुरुवात: "ओली पाटी वाळते, मग पाणी जातं कुठे?" सगळी उत्तरं फळ्यावर लिहायची, चूक-बरोबर नंतर.

प्रयोग (२० मिनिटे): बरणीत चार बोटं गरम पाणी मी स्वतः ओतणार. तोंडावर ताटली, ताटलीत बर्फ. थोड्या वेळाने ताटलीच्या खालच्या बाजूला बारीक थेंब धरतात, एकमेकांत मिसळून जड होतात नि टपकन पडतात. पहिला थेंब प्रत्येकाला दिसायला हवा. कुणीतरी "बर्फ गळतोय" म्हणणारच! ताटलीला भोक नाही, हे उचलून दाखवायचं. मगच शब्द: बाष्पीभवन, संघनन, पाऊस.

मूल्यमापन: थेंबाचा प्रवास बाणांनी काढा.