शेजार मदत: ग्रुपचं नाव, माहिती आणि नियम

सगळ्यांना नमस्कार 🙏 परवाच्या मीटिंगमध्ये ठरल्याप्रमाणे नाव, डिस्क्रिप्शन आणि नियम खाली टाकतेय, जरा लांबलंय पण एकदा शांतपणे वाचा.

नाव: *शेजार मदत – गल्ली १ ते ४*

'आपली माणसं' आणि 'हातात हात' ही नावं पण आली होती, छान होती, पण नवीन माणसाला त्यातून काही कळत नाही, कोणाला ते फॅमिली ग्रुप वाटेल कोणाला भिशी. रात्री कोणाला गरज लागली आणि त्याने फोनमध्ये 'मदत' असं सर्च केलं तर ग्रुप लगेच सापडला पाहिजे. शिवाय चॅटच्या यादीत लांब नाव मध्येच कापलं जातं म्हणून कामाचा शब्द पुढे आणि गल्ल्या मागे. नावात कुठला पक्ष, जात, देव, नेता काही नको यावर सगळ्यांचं एकमत झालं याचा मला खरंच आनंद आहे, कारण दार सगळ्यांना उघडं आहे हे नावावरूनच दिसायला हवं.

डिस्क्रिप्शन असं जाईल:

*"गल्ली १ ते ४ मधल्या शेजाऱ्यांनी एकमेकांच्या छोट्या कामांना धावून जायचा हा ग्रुप. औषधं आणणं, दवाखान्यात सोबत, एकट्या राहणाऱ्या आजीआजोबांची चौकशी, महिन्यातून एकदा सफाई. जमेल तेव्हा जमेल तेवढं, सक्ती नाही, मोबदला नाही. जीवावरचं संकट असेल तर आधी अॅम्ब्युलन्स किंवा फायर ब्रिगेडला फोन, मग इथे मेसेज. इथे जाहिरात, राजकारण, फॉरवर्ड नाही. नियम पिन केलेल्या मेसेजमध्ये."*

आता नियम.

मदत मागताना चार गोष्टी लिहा, काय हवंय, कुठे, कधीपर्यंत आणि किती माणसं. म्हणजे "कोणी आहे का??" असं नाही तर *"मदत हवी: मेडिकलमधून बीपीच्या गोळ्या, गल्ली २ चं शेवटचं घर, संध्याकाळी ७ च्या आत, एक जण"* असं. बाकीचं बोलणं पर्सनलवर. ज्याला जमतंय त्याने त्याच मेसेजला रिप्लाय करून "मी जातो" लिहायचं आणि काम झालं की "झालं". हे "झालं" लिहायला कृपया विसरू नका, नाहीतर तीन जण गोळ्या घेऊन दारात उभे राहतात किंवा दुसरा गेला असेल म्हणून कोणीच जात नाही, आणि ते दुसरं जास्त वाईट. "मी जातो" लिहिल्यावर अडचण आली तर लगेच कळवा, कोणी रागावणार नाही. जमणार नसेल तर काहीच लिहू नका, कारण पण देऊ नका, वीस जणांच्या "सॉरी"मध्ये मूळ मेसेज वर निघून जातो.

ही पुढची गोष्ट माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची. मदत मागणाऱ्याचं आजारपण, पैशाची अडचण, घरातली भांडणं हे ग्रुपवर लिहायचं नाही आणि बाहेर तर बोलायचंच नाही. मदत करताना फोटो काढायचे नाहीत. सफाईचे फोटो टाका, पण आजोबांना औषध देतानाचा फोटो नको, त्यांनी हो म्हटलं तरी नको, कारण उपकाराखाली दबलेला माणूस नाही म्हणू शकत नाही. ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात, ते विचारल्याशिवाय कोणाला द्यायचे नाहीत, विशेषतः बायकांचे आणि मुलींचे. काम नसताना पर्सनलवर मेसेज आल्याची तक्रार आली तर त्या माणसाला वॉर्निंग न देता काढणार.

पैसे ग्रुपवर मागायचे नाहीत आणि गोळा पण करायचे नाहीत. औषधांचे पैसे आधीच द्यावेत, नसतील तर अॅडमिनशी बोला. बिल मात्र प्रत्येक वेळी त्या घरी द्यायचंच.

रक्त हवंय असे मेसेज स्वतः त्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय टाकू नका, बरेचदा ते जुनेच फिरत असतात.

गुड मॉर्निंग, वाढदिवस, सणाच्या शुभेच्छा इथे नकोत. त्यात कोणाला कमी लेखायचं नाहीये, पण रोज चाळीस मेसेज आले की लोक ग्रुप म्यूट करतात आणि मग खरी हाक ऐकूच येत नाही. रात्री दहा ते सकाळी सात फक्त तातडीचं, आणि ते असेल तर मेसेजवर न थांबता सरळ अॅडमिनला फोन करा.

एखाद्या घरी पहिल्यांदा जाताना एकटं न जाता दोघांनी जा. अठरा वर्षांखालच्या मुलांनी घरच्यांच्या परवानगीनेच जायचं, आणि मोठ्या माणसासोबतच.

नियम मोडला तर अॅडमिन मेसेज डिलीट करेल आणि पर्सनलवर सांगेल, ग्रुपवर कोणाचा अपमान नाही. परत तेच झालं तर महिनाभर बाहेर. अॅडमिन तिघं आहोत, प्रत्येक गल्लीचा एक, गल्ली ४ मधून अजून कोणी पुढे आलेलं नाही तर प्लीज कोणीतरी या. नाव आणि डिस्क्रिप्शन बदलायचं सेटिंग फक्त अॅडमिनकडे ठेवलंय, मेसेज मात्र सगळे टाकू शकतात.

काही खटकत असेल तर रविवारी रात्रीपर्यंत इथेच लिहा. सोमवारी नियम पिन करते आणि त्यानंतर लिंक बाकीच्या शेजाऱ्यांना पाठवूया. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही अशी घरं तुमच्या गल्लीत कोणती ते मला पर्सनलवर कळवा, त्यांच्यासाठी शेजारचं एक घर ठरवून ठेवायचंय.