तुरट

नाशिकमध्ये गंगापूर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात सागर जाधव वेटर म्हणून लागला, तेव्हा त्याला वाइनचे कार्ड पाठ करायला आठ दिवस देण्यात आले होते आणि त्याने ते पाच दिवसांत पाठ केले. मार्चमधल्या एका रविवारी, चार पाहुण्यांना घेऊन आलेल्या डॉ. वैजयंती गोखले यांच्यासमोर उभा राहून त्याने शिराझची ओळख एका दमात करून दिली : ब्लॅकबेरी, ब्लॅककरंट, सीडर, तंबाखू आणि व्हॅनिला यांचा रेशमी संगम.

डॉक्टर बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “ब्लॅकबेरी तुम्ही खाल्ली आहे?”

“नाही, मॅडम.”

“सीडरचं लाकूड कधी हुंगलंय?”

“नाही.”

“मग हे मला कोण सांगतंय?” त्यांचा आवाज चढलेला नव्हता. “मी अडतीस वर्षं पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर सह्या केल्या. स्लाइड स्वतः पाहिल्याशिवाय एकही सही केली नाही. तुम्ही न पाहता सही करताय.” त्यांनी कार्ड मिटले आणि पाचही जणांसाठी लिंबाचे सरबत मागवले.

त्या रात्री साडेअकरा वाजता, शेवटचे टेबल उठल्यावर, वेटरांचे कॅप्टन असलेल्या मोरे सरांनी सागरला मागच्या बाजूला बोलावले. बारा वर्षे जहाजावर नोकरी करून परतलेला हा माणूस कमी बोलत असे. ग्लासाने विकण्यासाठी फोडलेल्या शिराझच्या बाटलीत तळाशी थोडी वाइन उरली होती. ती त्यांनी ग्लासात ओतली आणि शेजारी स्वयंपाकघरातून आणलेल्या तीन गोष्टी मांडल्या : बिनदुधाचा कडक चहा, अर्धे लिंबू आणि खलात नुकतीच कुटलेली मिरी. एक रिकामे भांडेही होते. प्यायचे नाही, तोंडात घोळवायचे आणि थुंकून टाकायचे, हे ऐकून सागरला सुटल्यासारखे झाले, कारण त्याचे वडील माळकरी होते आणि इथली नोकरी त्यांनी मोठ्या मुश्किलीने मान्य केली होती.

“वासाचं नंतर बघू. आधी जिभेचं सांग.”

सागरने घोट घेतला, थुंकला आणि बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “जीभ आखडते. हिरड्या कोरड्या पडतात. कच्चं केळं चावल्यावर होतं तसं.”

“आता चहा घे.”

चहाने तसेच झाले. “तुरट,” सागर म्हणाला.

“कार्डावर त्याला टॅनिन लिहिलंय. साल आणि बी यांतून येतं. तुझ्याकडं याला शब्द होता की! मग तो कार्डात कशाला शोधत होतास?”

या प्रश्नाने सागरला दिंडोरीजवळच्या चुलत्यांच्या बागेत नेऊन उभे केले. वडिलांच्या वावरात खायची द्राक्षे होती, बिनबियांची, पातळ सालीची. पण चुलत्यांनी दोन एकर शिराझ वायनरीशी करार करून लावली होती. तिचे मणी लहान, साल जाड आणि प्रत्येक मण्यात बी. फेब्रुवारीत ऊन तापण्याआधी, पहाटे तोडणी सुरू होई, आणि त्याआधी आठवडाभर चुलते रोज एक मणी तोंडात टाकून बी दातांखाली फोडून बघत. बी हिरवे असले आणि जीभ आखडली, की माल थांबवायचा. बी तपकिरी होऊन दाण्यासारखे कुरकुरीत लागले, की तोडायचा. सागरने शाळेत असल्यापासून हे बघितले होते, स्वतः शेकडो बिया फोडल्या होत्या. या चवीवर त्याच्याइतका हक्क त्या हॉटेलात दुसऱ्या कोणाचाच नव्हता, आणि तरी टेबलासमोर उभे राहताना ती त्याच्या मनातही आली नव्हती.

मिरीचा धडा मोरे सरांनी शेवटी ठेवला होता. त्यांनी खल सागरच्या नाकाखाली धरला, मग ग्लास, मग पुन्हा खल. तोच वास होता. “हे उपमा म्हणून नाही बरं का,” ते म्हणाले. “रोटंडोन नावाचा पदार्थ आहे. मिरीचा वास त्याचाच, आणि शिराझमधलाही त्याचाच. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 साली तो शोधून काढला. आणि गंमत बघ, पाचांतल्या साधारण एका माणसाच्या नाकाला तो कळतच नाही.”

दुसऱ्या दिवसापासून सागरने एक दोनशेपानी वही घातली. प्रत्येक वाइनला एक पान. डावीकडे ‘लागते’, उजवीकडे ‘लागत नाही’. शेनिन ब्लांकच्या पानावर त्याने पिकलेला पेरू लिहिला. सोव्हिन्यों ब्लांकवर त्याचे दोन दिवस अडले. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात ढोबळी मिरची चिरली जात असताना तो दारातच थांबला आणि मग पळत जाऊन त्याने वहीत लिहिले. मोरे सरांनी ते वाचून मान हलवली, कारण त्या वाइनमध्ये आणि ढोबळी मिरचीत वासाचा पदार्थ खरोखरच एक आहे. शिराझच्या पानावर ब्लॅकबेरी आणि सीडर उजवीकडे गेले. व्हॅनिला डावीकडे राहिला, पण त्यापुढे त्याने ‘फळाचा नाही, लाकडी पिंपाचा, जरा जास्त’ असे लिहिले. फळ मात्र सापडत नव्हते. मे महिन्यात त्र्यंबक रस्त्यावर करवंदांच्या पाट्या घेऊन बायका बसू लागल्या, तेव्हा त्याने पळसाच्या द्रोणातून करवंदे आणली आणि शिराझशेजारी ठेवून एकेक बोटाने चिरडून हुंगली. गर्द, आंबूस, सालीशी किंचित चिकट असा तो वास ग्लासातल्या वासाला पुष्कळ जवळचा होता. ‘करवंद’ असे त्याने लिहिले आणि खाली रेघ ओढली.

मेच्या तिसऱ्या शनिवारी डॉक्टर बाई पुन्हा आल्या. यजमानांच्या सत्तरीनिमित्त सात जणांचे टेबल होते. त्यांनी सागरला ओळखले आणि कार्ड न उघडताच सांगितले, “तीच शिराझ. जरा वरच्या दर्जाची असेल ती. या वेळी तुम्ही सांगाल ते ऐकणार आहे.”

वरच्या दर्जाच्या शिराझच्या दोन बाटल्या पश्चिमेकडच्या खिडकीशेजारी, दर्शनी मांडणीत होत्या. बाकीच्या मागे वाइनच्या फ्रिजमध्ये. मांडणीतल्या आधी खपवायच्या, असे मॅनेजरने सकाळीच बजावले होते. सागरने त्यांतली एक आणली, बाईंना लेबल दाखवले आणि वेष्टन कापले. बूच बाटलीच्या कडेपेक्षा तांदळाच्या दाण्याएवढे वर आले होते. ते काढून त्याने यजमानीणबाईंच्या ग्लासात चवीपुरती वाइन ओतली, आणि ओततानाच वास त्याच्यापर्यंत आला. करवंद नव्हते, मिरी नव्हती. पाकात फार वेळ शिजलेल्या मुरंब्याचा वास होता.

ग्लास बाईंच्या हाती जायला दोन क्षण होते. पुष्कळ यजमान अशा वेळी एक घोट घेऊन मान डोलावतात, चारचौघांत नाही म्हणायला संकोचतात, आणि बाटली खपून जाते. सागरला हे ठाऊक होते. बाटलीची किंमतही ठाऊक होती.

“मॅडम, ही देऊ नये असं मला वाटतं,” तो म्हणाला. “बूच वर सरकलंय आणि वास ताज्या फळाचा नाही, शिजलेल्या फळाचा आहे. ही बाटली उन्हाच्या खिडकीपाशी होती. तापली की असं होतं. मी आतल्या फ्रिजमधली आणतो.”

टेबल गप्प झाले. बाईंनी तरीही ग्लास उचलला, हुंगला, एक घोट घेतला आणि खाली ठेवला. “मुरंबा,” त्या म्हणाल्या. “आणा दुसरी.”

मागे उभे असलेल्या मोरे सरांनी काही न बोलता फोडलेली बाटली उचलून नेली. मॅनेजरशी त्यांचे काय बोलणे झाले ते सागरला कळले नाही. मांडणीत उरलेली दुसरी बाटली मात्र रात्री तिथे नव्हती.

फ्रिजमधली बाटली सतरा अंशांवर होती. रेड वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी हा नियम युरोपातल्या थंड घरांचा आहे. नाशिकच्या मेमध्ये तो पाळला, तर नाकात आधी अल्कोहोलच चढते. सागरने चवीपुरती ओतली आणि या वेळी सावकाश बोलला.

“आधी करवंदाचा वास येईल, पिकलेल्या. मागून कुटलेली मिरी. व्हॅनिलाही येईल, तो फळाचा नाही, पिंपाच्या लाकडाचा, आणि मला तो जरा जास्त वाटतो. तोंडात आधी आंबट, मग तुरट. गोड अजिबात नाही. तुम्ही मागवलेल्या सुक्या मटणाबरोबर छान लागेल, तुरटपणा तिथं कमी होतो. काळ्या मसाल्याच्या रश्श्याबरोबर मात्र तिखट आणखी भाजेल.”

बाईंनी डोळे मिटून ग्लास हुंगला, एकदा, दोनदा, तीनदा. “मिरी नाही.”

दोन महिन्यांपूर्वी सागर लगेच माफी मागून मोकळा झाला असता. आताही जीभ तिकडे वळली होती. “मला येते, मॅडम,” तो म्हणाला. “पण काहींच्या नाकाला हा वास कळतच नाही. पाचांत एकाला, असं आमचे सर सांगतात. मी स्वतः मोजलेलं नाही.”

“मग मोजूया की!” डॉक्टर बाई खुर्चीत सरळ बसल्या, आणि पाहुण्यांना प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर उत्साह दिसला. त्यांनी ग्लास टेबलावरून फिरवला, प्रत्येकाला शेजाऱ्याचे ऐकण्याआधी उत्तर द्यायला लावले आणि कागदी रुमालावर पेनाने खुणा केल्या. सत्तरी पार केलेल्या यजमानांना मिरी ताबडतोब आली. एकूण पाच हो, दोन नाही, आणि त्या दोघांत बाई स्वतः होत्या.

त्यांनी कागदाकडे बराच वेळ पाहिले. “म्हणजे तुमचा रिपोर्ट बरोबर आहे, फक्त माझ्या नाकासाठी नाही. मिरी वगळून सांगा आता.”

“करवंद, लाकूड, आंबट, तुरट.”

त्यांनी घोट घेतला आणि तो जिभेवर धरून ठेवला. “तुरट. बरोबर. लाकूड, हो.” मग त्यांनी मान हलवली. “करवंद नाही पण. जांभूळ आहे हे. सर्वांना ओता.”

सागरने आधी बायकांचे, मग पुरुषांचे आणि शेवटी यजमानीणबाईंचे ग्लास एक तृतीयांश भरले. बाराच्या सुमारास, टेबलक्लॉथ गोळा करून झाल्यावर, तो बाटलीत तळाशी उरलेली वाइन घेऊन मागे गेला, तोंडात घोळवली, थुंकली, पुन्हा घोळवली. मग वहीत शिराझचे पान काढून त्याने करवंदाखालची रेघ खोडली आणि शेजारी लिहिले : ‘जांभूळ? जूनमध्ये बाजारात आले की पाहणे.’