कार्यक्षमता मर्यादा व अपंगत्व मूल्यांकनाचे वैद्यकीय प्रमाणपत्र

प्रति,
माननीय मूल्यांकन अधिकारी

विषय: निर्वाह भत्ता व मदतनीस भत्ता यांसाठीच्या अर्जासोबत जोडावयाचे प्रमाणपत्र

रुग्ण: पुरुष, वय ५१ वर्षे, उजवा हात वापरणारे. पूर्वीचा व्यवसाय लेथ मशिनवरील कारागीर, २६ वर्षे. नाव व ओळखीचा तपशील अर्जाच्या पहिल्या पानावर आहे.

तपासणीचे दिवस: ३ जून २०२५ (सकाळी) व १७ जून २०२५ (दुपारी उशिरा)

हे रुग्ण गेली सहा वर्षे माझ्याकडे उपचार घेत आहेत. एप्रिल २०२४ मध्ये त्यांना मेंदूच्या डाव्या बाजूच्या मधल्या धमनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला. त्याआधीपासून १७ वर्षे मधुमेह आहे. त्याचे परिणाम आता डोळे, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसांवर दिसतात.

खालील नोंदी शरीराच्या संस्थांप्रमाणे लावल्या आहेत. मर्यादेची पायरी सांगताना जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या कार्यक्षमता वर्गीकरणातले सौम्य, मध्यम, तीव्र आणि संपूर्ण हे शब्द वापरले आहेत. मी स्वतः पाहिलेले आणि मला सांगितले गेलेले वेगळे ठेवले आहे. «करू शकतात» असे जिथे लिहिले आहे, तिथे ते काम सुरक्षितपणे, वाजवी वेळेत आणि दिवसातून जितक्या वेळा लागेल तितक्या वेळा करू शकतात, असा माझा अर्थ आहे. एकदा जमले म्हणून ते जमते, असे मी धरलेले नाही.

मज्जासंस्था: उजवा हात व पाय

उजव्या खांद्याची ताकद ५ पैकी ४, मनगट वर उचलण्याची ३, बोटे मिटण्याची ३, बोटे उघडण्याची २. मुठीची पकड मोजणीत उजवीकडे ६ किलो, डावीकडे ३१ किलो भरली. कोपराच्या स्नायूंत ताठरपणा आहे (सुधारित ॲशवर्थ श्रेणी २). नऊ खुंट्यांची चाचणी उजव्या हाताने पूर्ण झाली नाही. तीन खुंट्या लावल्यावर बोटे मिटलेलीच राहिली आणि ती डाव्या हाताने उघडावी लागली.

३ जूनला त्यांनी माझ्यासमोर शर्टाची पाच बटणे लावली. त्याला ११ मिनिटे लागली आणि त्यानंतर पाणी पिण्यासाठी पेला उचलता आला नाही. फक्त बटणे लागली एवढीच नोंद झाली असती, तर या माणसाचे चित्र साफ चुकले असते, म्हणून ही घटना सविस्तर लिहीत आहे. घरी रोज सकाळी पत्नी कपडे चढवतात. उजव्या हाताने लिहिणे, स्क्रू पिळणे, चावी फिरवणे, नखे कापणे, ताटातले तुकडे करणे जमत नाही. हाताच्या वापराची मर्यादा: तीव्र.

उजवा घोटा वर उचलण्याची ताकद २ आहे. त्यामुळे पाऊल लोंबते आणि बोटे जमिनीला घासतात. घोट्याला आधार देणारा स्प्लिंट आणि डाव्या हातात काठी घेऊन सपाट जमिनीवर १० मीटर चालायला २४ सेकंद लागले. सहा मिनिटांत ११८ मीटर चालणे झाले, मध्ये दोनदा थांबावे लागले. खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत बसायला २७ सेकंद लागले. जिना एका बाजूचा कठडा धरून, पाठीमागे माणूस असेल तरच. चालण्याची मर्यादा: घरात मध्यम, बाहेर तीव्र.

मज्जासंस्था: बोलणे

बोललेले समजते, लांबलचक सूचना मात्र तुकड्या-तुकड्यांत द्याव्या लागतात. बोलताना शब्द सापडत नाही. वाक्य दोन-तीन शब्दांत अडते आणि घाई केली की पूर्णच थांबते. लिहून सांगण्याचा पर्याय हातामुळे बंद आहे. फोनवर अनोळखी व्यक्तीशी बोलणे, तक्रार सांगणे, अर्जातल्या प्रश्नांना उत्तरे देणे हे त्यांना एकट्याने जमत नाही. तोंडी मुलाखत घ्यायची असल्यास पत्नीला सोबत बसू द्यावे आणि उत्तरासाठी दुप्पट वेळ द्यावा, अशी माझी विनंती आहे. ते शांत बसले म्हणजे त्यांना अडचण नाही, असे कृपया समजू नये. मर्यादा: तीव्र.

परिघीय नसा

१० ग्रॅमच्या तंतूचा स्पर्श उजव्या तळव्यावर १० पैकी ८ आणि डाव्या तळव्यावर १० पैकी ७ ठिकाणी कळला नाही. दोन्ही घोट्यांशी कंपन जाणवत नाही. म्हणजे पक्षाघाताने वाचलेला डावा पायही भरवशाचा नाही: त्यात ताकद आहे, पण जमीन कळत नाही. डाव्या अंगठ्याखाली गेल्या वर्षी झालेली जखम भरली आहे. रोज पाय तपासावे लागतात. तळवा पाहण्यासाठी वाकणे व आरसा धरणे त्यांना जमत नाही, हे काम पत्नी करतात.

दृष्टी

नेत्रतज्ज्ञांच्या अहवालानुसार चष्म्यासह दृष्टी उजवीकडे ६/१८, डावीकडे ६/२४. दोन्ही डोळ्यांत मधुमेहाने पडद्यावर झालेला बदल आहे, लेसर उपचार झाले आहेत. याखेरीज पक्षाघातामुळे दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिक्षेत्राचा उजवीकडचा खालचा चतुर्थांश भाग गेला आहे. तक्त्यावरची अक्षरे वाचून हे कळत नाही, म्हणून क्षेत्रचाचणीचा आलेख जोडला आहे. उतरताना पुढची पायरी, जमिनीवर पडलेली वस्तू आणि दाराची उजवी चौकट नेमकी याच भागात येते. मंद प्रकाशात अडचण वाढते. मर्यादा: मध्यम.

अंतःस्रावी संस्था

तीन महिन्यांची सरासरी साखर ८.१ टक्के. इन्सुलिन दिवसातून दोनदा. एका हाताने पेनची सुई बसवता येत नाही आणि डोसचे आकडे नीट दिसत नाहीत, त्यामुळे प्रत्येक इंजेक्शन दुसऱ्याने द्यावे लागते. गेल्या चार महिन्यांत साखर दोनदा ५४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली. दोन्ही वेळा घाम व थरथर सुरू झाली होती, पण काय होते आहे हे त्यांना शब्दांत सांगता आले नाही. पत्नीने चेहरा पाहून ओळखले. मूत्रपिंडे अधू असल्याने इन्सुलिनचा परिणाम शरीरात जास्त वेळ टिकतो, त्यामुळे हे पुन्हा घडण्याचा धोका खरा आहे.

मूत्रसंस्था व रक्त

गाळणक्षमतेचा अंदाज (ईजीएफआर) ३४, म्हणजे दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराचा टप्पा ३ब. हिमोग्लोबिन ९.८. लघवीवर ताबा आहे, पण रात्री तीन-चार वेळा उठावे लागते. थकव्यामुळे दुपारनंतर चालणे मंदावते. १७ जूनला दुपारी उशिरा तीच १० मीटरची चाचणी घेतली तेव्हा ३३ सेकंद लागले. दुसरी तपासणी मी मुद्दाम त्या वेळी ठेवली होती.

स्नायू व सांधे

उजवा खांदा आखडलेला आहे, हात बाजूला ७० अंशांपलीकडे जात नाही. हालचालीत वेदना १० पैकी ५. डोक्यावरून कपडे घालणे आणि पाठ धुणे यात अडथळा येतो. सलग बसण्याची सहनशक्ती सुमारे ४० मिनिटे.

मनःस्थिती

नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या तक्त्यात २७ पैकी १४ गुण, म्हणजे मध्यम नैराश्य. प्रश्न मोठ्याने वाचून, उत्तरे बोटाने दाखवून घेतली. स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयीच्या प्रश्नाला उत्तर शून्य होते. उपचार चालू आहेत. स्मृती व आकलनाच्या नेहमीच्या चाचण्या भाषेवर उभ्या असल्याने त्यांचे गुण येथे दिलेले नाहीत. ते गुण बुद्धीबद्दल नव्हे, बोलण्याच्या अडचणीबद्दल बोलले असते.

मर्यादा न आढळलेल्या संस्था

हृदयाची पंपक्षमता ५५ टक्के, छातीत दुखणे नाही. रक्तदाब दोन औषधांवर १३८/८४. फुप्फुसे, ऐकणे, पचन व शौचावरील ताबा यांत मर्यादा नाही. गिळणे सुरुवातीला बिघडले होते, आता पूर्ववत आहे.

एकत्रित परिणाम

वरच्या प्रत्येक परिच्छेदातील मर्यादा सुटी वाचली तर मध्यम वाटू शकते. रात्री दोन वाजता लघवीसाठी उठणारा हाच माणूस डोळ्यांसमोर आणावा. उजवे पाऊल लोंबते. डाव्याला जमीन कळत नाही. उजवीकडे खाली दिसत नाही. उजवा हात कठडा धरत नाही आणि पडल्यावर हाक मारायला शब्द येत नाही. पत्नीच्या सांगण्यानुसार गेल्या सहा महिन्यांत ते पाच वेळा पडले, त्यांपैकी तीन वेळा रात्री. मार्चमधल्या एका पडण्यात कपाळाला चार टाके पडले. ते टाके मी स्वतः पाहिले आहेत. बाकीच्या चार प्रसंगांची माझ्याकडे स्वतंत्र नोंद नाही, पण तपासणीत जे दिसले त्याच्याशी ते पूर्ण जुळतात.

बार्थेल निर्देशांक १०० पैकी ७०. आंघोळीसाठी पूर्ण मदत लागते. खाणे, कपडे, शौचालयाचा वापर, जिना आणि अंथरुणातून उठणे यांसाठी अंशतः मदत लागते. हा निर्देशांक बोलणे, नजर व इन्सुलिन मोजत नाही, म्हणून प्रत्यक्षातली गरज ७० या आकड्यातून दिसते त्याहून जास्त आहे.

वैद्यकीय मत

लेथचे काम त्यांना पुन्हा करता येणार नाही. फिरत्या यंत्राजवळ उभे राहणे त्यांच्यासाठी धोक्याचे आहे. बसून करायच्या दुसऱ्या कामाचा मी वेगळा विचार केला. लिहिणे, फोन, पडद्यावर वाचणे किंवा दोन हातांनी जुळवणी, यांपैकी एकही गोष्ट लागणार नाही असे काम मला दिसत नाही. शिवाय दुपारनंतर क्षमता घटते. सध्या ते कोणतेही नियमित काम करण्यास असमर्थ आहेत.

दिवसा व रात्रीही हाकेच्या अंतरावर मदतनीस असणे आवश्यक आहे. ती मदत आज पत्नी एकट्या करतात.

हाताची व पायाची सुधारणा बहुतांशी पहिल्या सहा महिन्यांत होते. येथे १४ महिने झाले आहेत आणि फिजिओथेरपिस्टच्या नोंदींनुसार शेवटच्या पाच महिन्यांत पकड व चालण्याचा वेग बदललेला नाही. ही मर्यादा मी कायमस्वरूपी मानतो. डोळे व मूत्रपिंडे यांचे विकार वाढण्याचा संभव आहे. बोलणे आणि मनःस्थिती यांत सावकाश सुधारणा शक्य आहे, त्या दोन बाबींचे फेरमूल्यांकन दोन वर्षांनी करावे. हात, पाय आणि दृष्टिक्षेत्र यांसाठी त्यांना पुन्हा बोलावू नये, अशी शिफारस करतो.

सोबत: मेंदूच्या एमआरआयचा अहवाल, दृष्टिक्षेत्राचा आलेख, रक्ततपासण्या, फिजिओथेरपिस्ट व वाचा उपचारतज्ज्ञ यांच्या नोंदी, पत्नीचे स्वाक्षरीचे निवेदन.

वरील माहिती माझ्या तपासणीवर व जोडलेल्या कागदपत्रांवर आधारित असून माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे. रुग्णाला हे प्रमाणपत्र सावकाश वाचून दाखवले. रात्री पडण्याचा मजकूर ऐकताना त्यांनी मला थांबवले आणि बऱ्याच प्रयत्नाने «बरोबर» असे म्हटले. त्यांच्या संमतीने ते देत आहे.

उपचार करणारा डॉक्टर, औषधवैद्यकशास्त्र
दिनांक १९ जून २०२५