पट्टीत दडलेले व्याज: कोकणातील शेतकर्ज, बाजारभाव आणि सावकारी

शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणाचा विषय निघाला की चर्चा विदर्भातील कपाशीकडे आणि मराठवाड्यातील सोयाबीनकडे वळते. कोकणाचे नाव क्वचितच घेतले जाते. येथे शेतकरी आत्महत्यांचे प्रमाण तुलनेने कमी आहे आणि मुंबईतून येणाऱ्या पैशावर घर चालते, तेव्हा येथे कर्जाचा प्रश्न नाहीच, असा समज त्यातून तयार झाला आहे. हा समज चुकीचा आहे, असे मला वाटते. कोकणात कर्ज आहे. पण त्याचा मोठा भाग बँकेच्या खातेवहीत न दिसता शेतमालाच्या भावात दडलेला आहे. देणेकरी ज्याच्याकडून पैसे घेतो त्यालाच माल विकतो, आणि म्हणून येथील व्याज व्याजाच्या रूपाने दिसत नाही.

देवगड, राजापूर किंवा रत्नागिरी तालुक्यातील हापूसच्या बागायतदाराचे वर्ष घेतले तर ही गाठ स्पष्ट होते. पावसाळ्यात झाडांना मोहोर लवकर यावा म्हणून कल्टार दिले जाते, पाऊस ओसरल्यावर साफसफाई होते, आणि मोहोर येऊ लागला की तुडतुडे, फुलकिडे व भुरी यांच्यासाठी फवारण्यांची रांग लागते. राखणीला आणि काढणीला नेपाळहून आलेले गुरखे ठेवावे लागतात. त्यांची राहण्याची सोय आणि शिधासामग्री हाही मालकाचाच खर्च असतो. हे सारे पैसे हंगामाच्या कित्येक महिने आधी लागतात आणि आंबा हाती येतो तो मार्चपासून मेअखेरपर्यंत. या अंतरातच कर्जाचा बाजार उभा राहतो. औषध दुकानदार उधारीवर माल देतो, तो रोखीच्या दरापेक्षा चढ्या दराने. मोठी रक्कम मात्र वाशीच्या बाजारातील दलालाकडून आगाऊ मिळते. तिच्यासाठी गहाणखत लागत नाही, तलाठ्याकडे खेटे घालावे लागत नाहीत, जामीन शोधावा लागत नाही. एकच अट असते, की पेट्या त्याच्याच गाळ्यावर गेल्या पाहिजेत.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. बागायतदाराने सप्टेंबरच्या अखेरीस दोन लाख रुपये उचल घेतली आणि सात महिन्यांनी, एप्रिलअखेर, ती मालातून फेडली. दलालाने व्याजाचा एक पैसाही लावला नाही. हंगामात तीनशे पेट्या गेल्या आणि उचल न घेतलेल्या शेजाऱ्याच्या तशाच मालाला जो भाव मिळाला, त्यापेक्षा याच्या पट्टीत, म्हणजे दलालाने पाठवलेल्या विक्रीच्या हिशेबात, पेटीमागे दीडशे रुपये कमी लागले. म्हणजे पंचेचाळीस हजार रुपये गेले. दोन लाखांवर सात महिन्यांत ही किंमत साडेबावीस टक्के होते आणि वर्षाच्या हिशेबाने साडेअडतीस टक्क्यांच्या घरात जाते. पट्टीवर मात्र पेट्यांची संख्या, भाव, भाडे, हमाली आणि शेवटी वळती केलेली उचल एवढेच लिहिलेले असते. घरी बसून पट्टी वाचणाऱ्याला त्या दिवशी बाजारात खरा भाव काय होता हे कळण्याचा मार्ग नसतो, आणि कळले तरी पुढच्या सप्टेंबरची आठवण त्याला गप्प बसवते. २०१६ मध्ये राज्याने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि आडतीचा भार शेतकऱ्यावरून काढला. तो निर्णय योग्यच होता. पण आधीच उचलीने बांधला गेलेला विक्रेता कायद्याने मोकळा झाला तरी व्यवहारात मोकळा होत नाही.

यात दलालाला केवळ लोभी ठरवून विश्लेषण संपवता येणार नाही. हापूसला एकाआड एक वर्ष फळ कमी धरते. मोहोरावर ढगाळ हवा आली तर तो करपतो. अवकाळी पाऊस झाला तर फळ डागाळते. अशा पिकावर तारणाशिवाय पैसे देणारा आपली जोखीम कुठून तरी वसूल करणारच. परंतु वसुलीचे प्रमाण जोखमीएवढेच राहत नाही, कारण त्या गावात, त्या बागायतदाराला, त्या महिन्यात पैसे देणारा दुसरा कोणी नसतो. त्याची बाग किती, तो मेहनती किती, त्याने कोणाचे थकवले आहे का, ही माहिती वर्षानुवर्षांच्या व्यवहाराने एकाच दलालाकडे साठलेली असते. बँकेकडे ती नसते. माहिती आणि विक्रीचा मार्ग हे दोन्ही एकाच हाती असले की कर्ज बुडण्याचा धोका कमी होतो, पण त्या कमी झालेल्या धोक्याचा लाभ कर्जदाराला मिळत नाही.

ही रचना कोकणात नवी नाही. खोती पद्धतीत खोत हाच जमिनीवरचा अधिकारी, खंड घेणारा आणि अडीनडीला धान्य-पैसा देणारा असे. कुळाचे सारे व्यवहार एका दारातून जात. अलिबाग तालुक्यातील चरी व परिसरातील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये संप पुकारून अनेक वर्षे जमिनी कसल्या नाहीत, तो याच गाठीविरुद्धचा लढा होता. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १९४९ मध्ये खोती निर्मूलनाचा कायदा झाला. उत्तर कोकणात तलासरी-डहाणूच्या वारली पट्ट्यात लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको मालकाकडे लग्नगडी म्हणून राबत; १९४५ च्या उठावाने ती प्रथा मोडली. उभे पीक आधीच कवडीमोलाने लिहून घेण्याची पालेमोडही याच भागात चालत असे. आज रायगड-पालघरमधील कातकरी कुटुंबे पावसाळ्यात वीटभट्टीमालकाकडून उचल घेतात आणि ती पुढच्या सहा-सात महिन्यांच्या श्रमातून फेडतात. आंब्याऐवजी तेथे हात विकले जातात, इतकाच फरक.

मग संस्थात्मक कर्ज कुठे आहे? १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पत पाहणीत सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के आढळला होता. त्यानंतर १९६९ चे बँक राष्ट्रीयीकरण, १९८२ मध्ये नाबार्ड, १९९८ पासून किसान क्रेडिट कार्ड आणि आता वेळेवर फेडणाऱ्यास तीन लाखांपर्यंत शून्य टक्क्यांचे पीककर्ज, इतकी मजल मारली गेली. कोकणात मात्र या सर्व योजना एका कागदापाशी अडखळतात. सातबाऱ्यावर आजोबांपासूनच्या वारसांची पंधरा-वीस नावे असतात; त्यांतले निम्मे परळ, विरार, डोंबिवलीत, काही हयात नाहीत, आणि सर्वांच्या सह्या मिळवण्यापेक्षा दलालाला एक फोन करणे सोपे असते. ज्याला सोसायटीचे कर्ज मिळते, त्याच्यापुढेही वसुलीच्या तारखेला नवे-जुने करण्याचा पेच येतो. जुने खाते बंद करून नवे उचलण्यासाठी मधल्या चार-आठ दिवसांची रक्कम तो खासगी सावकाराकडून घेतो किंवा बायकोचे दागिने सोनेतारणाला ठेवतो. कागदोपत्री शून्य टक्के असलेल्या कर्जाच्या पोटात असे दुसरे कर्ज असते.

२०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाने विनापरवाना सावकाराने बळकावलेली जमीन परत मिळवण्याची तरतूद केली, ही मोठीच गोष्ट आहे. पण कायद्याला जो सावकार दिसतो, तो चिठ्ठी लिहून घेणारा आणि खरेदीखत करून घेणारा. पट्टीतून वसुली करणारा व्यापारी किंवा उधारीच्या दरात व्याज मिसळणारा दुकानदार त्या चौकटीत बसत नाही.

भावाची जोखीम या सगळ्याला धार लावते. हंगामाच्या सुरुवातीच्या पेटीला मिळणारा भाव मे महिन्यात पार कोसळतो, आणि नेमका तेव्हाच बहुतेकांचा माल निघतो. हापूस ठेवून वाट पाहण्याजोगा नसतो. कर्नाटकातील आंबा देवगडच्या नावाखाली खपवला जातो, त्याने भाव आणखी दबतो. २०१८ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा उपयोग या ठिकाणी व्हायला हवा, पण पेटीवर छापलेले नाव तपासणार कोण, हा प्रश्न उरतोच. काजूची गोष्ट वेगळी आणि अधिक कठीण आहे. काजू बी टिकते, साठवता येते. परंतु तिचा भाव वेंगुर्ल्यात ठरत नाही. देशातील काजू कारखाने आफ्रिकेतून येणाऱ्या कच्च्या बीवर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहेत, आणि ती स्वस्त पडली की सिंधुदुर्गातील बीचा भाव उतरतो. साठवणीची सोय असूनही शेतकरी बी ताबडतोब विकतो, कारण घेणेकरी दारात उभा असतो. भाव पडण्याची भीती आणि कर्ज या दोन गोष्टी अशा एकमेकींना पोसतात: कर्ज असल्यामुळे थांबता येत नाही, आणि थांबता येत नाही म्हणून कर्ज फिटत नाही.

निसर्गाचा फटका बसला की ही साखळी किती लांब असते ते दिसते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगड भागांतील नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. आंब्याचा एक मोहोर गेला तर एक वर्ष जाते, पण नव्या माडाला धरायला सहा-सात वर्षे लागतात, आणि कर्जाची मुदतवाढ इतकी लांब नसते. फळपीक विमा हवामान केंद्राच्या नोंदीवर चालतो. केंद्र महसूल मंडळाच्या एका टोकाला, बाग खाडीच्या उतारावर, आणि दोन्हीकडचे ऊन-वारा-पाऊस एकसारखे नसतात. नुकसान डोळ्यांसमोर असताना भरपाईचा निकष पूर्ण होत नाही, हा अनुभव बागायतदारांचा विम्यावरचा विश्वास कमी करतो.

कोकणातील संकट टोकाला का जात नाही, याचे उत्तर बव्हंशी चाकरमान्यात आहे. घरातील एक कमावता हात मुंबईत असला की शेतीची तूट पगारातून भरून निघते. शेती तोट्यात चालते आणि घर उभे राहते. पण ही ढाल सर्वांकडे सारखी नाही. १९८२ च्या गिरणी संपानंतर हजारो कोकणी घरांचा नियमित पैसा थांबला, आणि ज्यांनी गावी परतून कराराने बागा घ्यायला सुरुवात केली, त्यांच्यामागे पगाराचा आधार नव्हता.

माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्षित घटक हाच आहे: दुसऱ्याची बाग कराराने घेणारा. तो मालकाला हंगामाआधी रक्कम देतो, ती बहुधा दलालाच्याच उचलीतून. फवारणी, राखण, तोडणी, वाहतूक त्याच्या अंगावर. करार तोंडी असतो, कारण १९४८ च्या कुळकायद्याच्या आठवणीने मालक कागदावर नाव घालायला धजत नाही. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून पीककर्ज नाही. पीककर्ज नाही म्हणून २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्यांत त्याचे नाव येण्याचा प्रश्नच नव्हता. वादळानंतरचे अनुदान मालकाच्या खात्यात जमा होते. आंध्र प्रदेशाने २०११ मध्ये कायदा करून मालकी हक्काला धक्का न लावता अशा कसणाऱ्यांना कर्जपात्रता कार्डे देण्याचा मार्ग काढला. त्याची अंमलबजावणी अडखळत झाली, तरी तत्त्व कोकणाला लागू पडते: मालकाला निर्धास्त ठेवणारी, एका हंगामापुरती, ग्रामपंचायतीत किंवा सोसायटीत करता येणारी नोंद. ती पावसाळा संपण्यापूर्वी झाली आणि तिच्या आधारे सप्टेंबरात सोसायटीतून पैसे मिळाले, तरच करारदार एप्रिलमध्ये आपली पेटी कोणत्या गाळ्यावर पाठवायची हे स्वतः ठरवू शकेल.